पंखा हळू फिरतोय? आधी पाचवर लावून बघा

मे महिन्यात डोंबिवलीहून मावशीचा फोन आला. "अरे, एसी वीसवर लावलाय तरी घाम येतोय बघ. गॅस संपला असेल का?" शेवटचा मजला, वर उघडा स्लॅब, त्यामुळे गॅसची शंका यायला जागा होती. रविवारी थर्मामीटर घेऊन गेलो. एसी ज्या वरच्या जाळीतून हवा आत ओढतो तिथे 29 अंश होते आणि खालच्या फटीतून 17 अंशांची हवा बाहेर पडत होती. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत आठ ते बारा अंशांचा फरक असेल तर एसी त्याचं काम करतोय असं समजायला हरकत नाही. मग वर बघितलं. पलंगावरचा पंखा पाचवर होता, पण इतका आरामात फिरत होता की त्याची पाती मोजता आली असती.

"तो गेल्या वर्षीपासून असाच आहे," मावशी म्हणाली. "एसी आहे म्हटल्यावर पंख्याकडे कोण बघतंय?"

एसीचं बिल ज्या पंख्यामुळे वाढत होतं, तो असा दुर्लक्षित होता. दोष निघाला त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे मोटरला फिरायला मदत करणाऱ्या छोट्या डबीत. त्या पंख्याचं जे केलं तेच इथे क्रमाने लिहितो. हे सगळं आपल्या नेहमीच्या इंडक्शन मोटरच्या, भिंतीवर रेग्युलेटर असलेल्या पंख्याबद्दल आहे. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यात हा कपॅसिटर नसतो, त्याची गती त्याच्या आतलं सर्किट ठरवतं. तो बिघडला तर कंपनीच्या माणसालाच बोलवावं लागतं.

दोष पंख्यात की रेग्युलेटरमध्ये?

पंखा हळू झाला की बहुतेक लोक आधी रेग्युलेटर बदलतात, कारण तो हाताशी असतो. ते करण्याआधी एक साधी गोष्ट बघा. हल्लीच्या टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या रेग्युलेटरमध्ये 1 ते 4 या आकड्यांवर आतले छोटे कपॅसिटर पंख्याची वीज कमी करतात. 5 वर मात्र वीज सरळ पंख्याकडे जाते, रेग्युलेटर जणू मधे नसतोच. म्हणून 5 वर पंखा भरधाव आणि 2 वर अगदीच मेलेला, किंवा 1 आणि 2 मध्ये काही फरकच नाही, असं असेल तर दोष रेग्युलेटरचा. 5 वरही पंखा सुस्तच असेल तर रेग्युलेटर बदलून काही होणार नाही.

त्यानंतर घरातले बाकीचे पंखे बघा. सगळेच हळू असतील, आणि संध्याकाळी हळू पण रात्री दोननंतर जोरात होत असतील, तर व्होल्टेज कमी येतंय. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 चं 180 झालं तर जोर जवळपास चाळीस टक्क्यांनी जातो. त्यावर पंख्यात काही करण्यासारखं नाही.

एकच पंखा हळू असेल तर तो बंद करून, थांबल्यावर, पातं हाताने हळूच ढकला. मोकळा पंखा बराच वेळ निवांत फिरत राहतो. एक-दोन फेऱ्यांत अडून थांबला, किंवा खरखर आवाज आला, तर बेअरिंग सुकलंय किंवा झिजलंय. ते काम मोटर उघडून करायचं असतं, दुकानातच द्या. पातं हलकं फिरतंय, तरीही वीज लागली की पंखा सुस्त, असं असेल तर दहातल्या आठ वेळा कपॅसिटरच असतो.

दहातले आठ हा माझा अंदाज आहे. आमच्या सोसायटीत मी गेल्या काही वर्षांत जे पंखे खाली उतरवायला मदत केली, त्यावरून.

कपॅसिटर नेमकं काय करतो

पंख्याच्या मोटरमध्ये तांब्याच्या तारेची दोन वाइंडिंग असतात, एक रनिंग आणि एक स्टार्टिंग. आपल्या घरात येणारी वीज सिंगल फेज असते. एकाच वाइंडिंगला ती दिली तर चुंबकीय ओढ मागे-पुढे होत राहते आणि कुठल्या बाजूला फिरायचं हे मोटरला कळत नाही. स्टार्टिंग वाइंडिंगच्या वाटेत कपॅसिटर लावला की त्या तारेतला प्रवाह थोडा पुढे सरकतो, दोन ओढी एकामागोमाग येतात आणि मोटर त्या दिशेने फिरायला लागते. नाव स्टार्टिंग असलं तरी हे वाइंडिंग आणि त्याचा कपॅसिटर पंखा चालू असेपर्यंत सतत काम करत असतात. म्हणून कपॅसिटर अशक्त झाला की चालता पंखाही हळू होतो.

त्या काळ्या किंवा पांढऱ्या डबीत प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळलेली असते आणि तिच्यावर धातूचा अगदी बारीक थर असतो. उष्णता आणि व्होल्टेजच्या झटक्यांनी त्या थराला कुठे छिद्र पडलं तर भोवतीचा धातू जळून जातो आणि छिद्र आपोआप वेगळं पडतं. डबी फुटत नाही, धूर येत नाही. फक्त दर वेळी थोडा थर कमी होतो. वर्षानुवर्षं असं चाललं की 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दीडवर येतो आणि घरातले लोक म्हणतात, पंखा म्हातारा झाला.

पूर्ण गेलेल्या कपॅसिटरची खूण वेगळी असते. बटण दाबलं की पंखा गुणगुणतो, पण हलत नाही. लांब कोरड्या काठीने पातं हलकेच ढकललं तर ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला तो सावकाश फिरू लागतो. उलट बाजूला ढकलला तर उलटा फिरतो. असं दिसलं की कपॅसिटर तरी गेलाय किंवा स्टार्टिंग वाइंडिंगची तार तरी तुटलीय. ही परीक्षा अर्ध्या मिनिटात आटपा. न फिरता गुणगुणणारी मोटर तापते आणि वाइंडिंग जळायची पाळी येते. पंखा गुणगुणतही नसेल तर वीजच पोचत नाहीये, तिथे आधी बटण आणि जोडण्या बघायच्या.

बदलायच्या आधी वीज खरोखर बंद करा

इथे घाई नको. पंख्याचं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण जुन्या घरांत वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं मी स्वतः पाहिलंय. तिथे बटण बंद असतानाही पंख्यापर्यंत फेज येत असतो. त्या खोलीची एमसीबी खाली पाडा.

घरात इन्व्हर्टर असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेले, आणि तो इमानेइतबारे पंख्याला वीज द्यायला लागतो. शिडीवर उभे असताना हे कळणं बरं नव्हे. म्हणून इन्व्हर्टरही बंद करा, मग बटण चालू करून पंखा फिरत नाही ना ते बघा, आणि वर चढल्यावर कनेक्टरच्या प्रत्येक स्क्रूला टेस्टर लावा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो ना याची खात्री केलेली असू द्या. स्टुलावर स्टूल ठेवू नका. शिडी आणि खाली धरायला एक माणूस हवा. यातलं काही जमत नसेल तर वायरमनला बोलवा, त्याचं दहा मिनिटांचं काम आहे.

काढणं, मोजणं, लावणं

रॉडवर दोन कप असतात, एक हुकाजवळ आणि एक मोटरच्या डोक्यावर. कपॅसिटर बहुतेक पंख्यांत खालच्या कपात असतो, काहींत वरच्या. कपाचा छोटा स्क्रू सैल करून कप रॉडवर सरकवा. आत तारांचा कनेक्टर दिसेल आणि शेजारी दोन तारांची डबी.

काहीही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दोन बाजूंनी. मी एकदा नाही काढला, त्याची गोष्ट पुढे सांगतो.

इन्सुलेटेड दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना एकदम टेकवा, म्हणजे राहिलेला चार्ज निघून जाईल. मग फक्त कपॅसिटरच्या दोन तारा सोडा, बाकी कशाला हात लावू नका. डबीवर आकडा छापलेला असतो, 2.25, 2.5 किंवा 3.15 मायक्रोफॅरड, आणि शेजारी 440 व्होल्ट. घरात 230 व्होल्ट येत असताना 440 चा कशाला, असं वाटेल. चालू पंख्यात कपॅसिटरच्या टोकांवर घरातल्या विजेपेक्षा जास्त व्होल्टेज तयार होतं, म्हणून 250 व्होल्टचा लावला तर टिकणार नाही.

ज्या मल्टिमीटरवर कपॅसिटन्स मोजता येतो त्यावर तो मोजा. मावशीच्या पंख्यातल्या डबीवर 2.5 छापलं होतं आणि मीटरने 1.4 दाखवलं. नव्या मालात छापलेल्या आकड्यापेक्षा साधारण पाच टक्के इकडे-तिकडे चालतं. 2.5 चा 2.3 च्या खाली गेला असेल तर मी बदलून टाकतो. मीटर नसेल तर जुनी डबी घेऊन दुकानात जा, बरेच दुकानदार मोजून देतात. नवा घेतानाही मोजूनच घ्या.

काही मिस्त्री 2.5 च्या जागी 3.15 लावून देतात, "जरा जोरात फिरेल, साहेब" म्हणून. थोडा फिरतोही. पण स्टार्टिंग वाइंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह जातो, मोटर गुणगुणते, तापते, आणि एखाद्या उन्हाळ्यात रिवाइंडिंगचा खर्च येतो. छापलेला आकडा असेल तोच लावा.

नव्याच्या दोन तारा त्याच दोन स्क्रूंत घट्ट करा. या कपॅसिटरला उलट-सुलट नसतं, कुठलीही तार कुठेही चालते. तार ओढून बघा, निसटता कामा नये. तारा रॉडला घासणार नाहीत अशा बसवा आणि कप जागेवर सरकवून स्क्रू आवळा. खालचा कप सैल राहिला तर तो मोटरवर घासतो आणि रात्रभर कुरकुरतो.

फरक पडला की नाही ते डोळ्यांनी नीट कळत नाही, म्हणून मी मोबाइल वापरतो. एका पात्याला रंगीत चिकटपट्टी लावायची आणि आधी व नंतर असा स्लो मोशन व्हिडिओ घ्यायचा. 240 फ्रेमचा व्हिडिओ मोबाइलवर साधारण आठपट सावकाश दिसतो. दिसणाऱ्या एका मिनिटात चिकटपट्टी किती वेळा फिरली ते मोजा आणि आठने गुणा. मावशीकडे आधी 26 फेऱ्या आल्या, म्हणजे मिनिटाला 208. नंतर 44 आल्या, म्हणजे 352. बाराशे मिलिमीटरच्या साध्या पंख्याला 350 च्या आसपास ठीक आहे. कपॅसिटर साठ रुपयांना मिळाला होता.

वेग आहे, पण वारा नाही

आता फोटो न काढल्याची गोष्ट. माझ्याच घरातला पंखा होता. कपॅसिटर बदलताना मी कनेक्टरमधल्या सगळ्याच तारा सोडल्या आणि अंदाजाने परत लावल्या. पंखा झकास सुरू झाला, आवाज नाही, वेग चांगला. चार दिवसांनी बायको म्हणाली, "तू दुरुस्त केल्यापासून हवाच लागत नाही." मी म्हटलं, उकाडा वाढलाय. मग लक्ष गेलं ते खिडकीच्या पडद्याकडे. पंख्याखालची चादर शांत होती आणि भिंतीलगतचा पडदा हलत होता. पंखा उलटा फिरत होता. तो खोलीतली हवा वर ओढत होता, ती छताला लागून भिंतींवरून खाली उतरत होती.

झालं असं होतं. मोटरमधून तीन तारा येतात. एक कॉमन, ती थेट विजेच्या एका तारेला. दुसरी रनिंग, ती विजेच्या दुसऱ्या तारेला, आणि तिथेच कपॅसिटरचं एक टोक. तिसरी स्टार्टिंग, ती फक्त कपॅसिटरच्या दुसऱ्या टोकाला. मी विजेची तार रनिंगच्या स्क्रूऐवजी स्टार्टिंगच्या स्क्रूत लावली होती. त्यामुळे कपॅसिटर रनिंग वाइंडिंगच्या वाटेत आला आणि मोटर उलटी फिरली. विजेची तार कपॅसिटरच्या या टोकावरून त्या टोकाला नेली की दिशा सरळ होते. रिवाइंडिंग करून आणलेल्या पंख्यातही हीच चूक होते.

तारांच्या रंगावर विसंबू नका, दर कंपनीचे वेगळे असतात. शंका असेल तर वीज बंद करून, कपॅसिटर आणि विजेच्या तारा सोडवून, मोटरच्या तिन्ही तारांमधला रेझिस्टन्स दोन-दोन करून मोजा. ज्या जोडीचा आकडा सर्वांत मोठा येतो, त्यात नसलेली तार कॉमन. कॉमनपासून ज्या तारेचा आकडा लहान ती बहुतेक पंख्यांत रनिंग, मोठा ती स्टार्टिंग.

दिशा बरोबर आहे का हे बघायला घड्याळाचे काटे आठवायची गरज नाही. आपले बहुतेक पंखे खालून बघताना घड्याळाच्या उलट फिरतात हे खरं, पण ठरवतं ते पात्याचं तिरपेपण. पंखा हळू फिरत असताना पातं बाजूने बघा. पुढे जाणारी कड वर आणि मागची कड खाली असेल तर हवा खाली ढकलली जाते. पुढची कड खाली असेल तर पंखा उलटा आहे.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांच्या पंख्यावर दिशा बदलायचं छोटं बटण असतं. तिथे हिवाळ्यात हीटरची गरम हवा छताशी साचते, ती पंखा उलटा आणि अगदी हळू फिरवून भिंतींवरून खाली आणतात. आपल्याकडे काही बीएलडीसी पंख्यांच्या रिमोटवर ही सोय येते. मुंबई-पुण्यात तिचा फारसा उपयोग नाही, पण लहान मुलं रिमोट दाबतात. पंखा अचानक वारा देईनासा झाला तर आधी तिकडे बघा.

एसीबरोबर पंखा कसा लावायचा

पंखा हवा गार करत नाही. उलट त्याची सत्तर-एक वॅटची मोटर खोलीत थोडी उष्णताच टाकते. गार होतं ते आपलं अंग, कारण अंगाभोवतीची उबदार, दमट हवा वारा बाजूला करतो आणि घाम लवकर उडतो. म्हणून खोलीत कोणी नसताना, खोली आधीच गार व्हावी म्हणून पंखा लावून ठेवण्यात अर्थ नाही. पण अंगावर वारा असेल तर एसीचा आकडा दोन-तीन अंश वर नेला तरी तितकंच बरं वाटतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज चार अंश फॅरनहाइटचा आहे, म्हणजे सव्वादोन अंश सेल्सिअस. माझा अनुभव दोन ते तीनच्या मधला आहे.

दुसरी गोष्ट एसीच्या तापमान मोजण्याची. त्याचा सेन्सर आतल्या युनिटमध्ये, म्हणजे छताजवळ असतो. पंखा बंद असला की गार हवा जमिनीलगत बसते, वर गरम थर राहतो, आणि सेन्सर त्या गरम थराचंच तापमान वाचत कॉम्प्रेसर पळवत राहतो. खाली पाय गारठलेले आणि एसी म्हणतो अजून गार करायचंय. कधी याच्या उलट होतं. युनिटखाली कपाट किंवा जाड पडदा असला तर गार हवा तिथूनच वळून आत शिरते आणि एसी लवकर थांबतो. हळू फिरणारा पंखा हे दोन्ही थर ढवळतो, मग सेन्सरला तीच हवा लागते जी आपल्याला लागते.

मावशीला मी हा क्रम लिहून दिला. संध्याकाळी एसीच्या आधी वीस मिनिटं खिडक्या उघड्या, पंखा 5 वर, म्हणजे स्लॅबखाली दिवसभर कोंडलेली हवा बाहेर जाईल. मग खिडक्या बंद, एसी 24 वर, त्याची झडप आडवी, पंखा 2 वर. झडप आडवी असली की गार हवा छतालगत पुढे जाते आणि पंखा ती पलंगावर आणतो. या वेळी पंखा 5 वर ठेवला तर एसीचा झोत मधेच मोडतो आणि काही गार हवा परत एसीकडेच जाते. अर्ध्या तासाने एसी 26, पंखा 3. झोपताना जमलं तर 27. रात्री गारठलं तर एसीला हात लावायचा नाही, पंखा एकने खाली आणायचा.

यात वाचतं किती? ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो की एसी एक अंशाने वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. 1 जानेवारी 2020 पासून नव्या स्टार रेटिंगच्या एसीत सुरुवातीचा आकडा 24 ठेवलाय तो याचसाठी. समजा रात्रीच्या आठ तासांत दीड टनाचा एसी 24 वर आठ युनिट घेतो. 27 वर नेला तर अठरा टक्के, म्हणजे जवळपास दीड युनिट वाचेल. साधा पंखा पूर्ण वेगात 70 वॅटने आठ तासांत अर्ध्या युनिटाच्या थोडं वर खाईल, 3 वर त्याहून कमी. एक युनिट हातात राहतं. मावशी 20 वरून वर आली होती, तिचं जास्त राहिलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आधी, हा हिशेब कोकण किनाऱ्यावर गडबडतो. तेव्हा हवा इतकी दमट असते की घाम उडतच नाही, आणि 27-28 वर इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसर इतका हळू चालवतो की हवेतलं पाणी पुरेसं निघत नाही. चादर ओलसर लागायला लागली की आकडा 25-26 वर आणा किंवा ड्राय मोड लावा. पंखा 3 वरच राहू द्या.